दारूचे घरातले गुपित : कुणाला सांगायचे, किती सांगायचे

घरातल्या माणसाच्या दारूबद्दल वाचक जे प्रश्न विचारतात, त्यांतले बरेचसे दारूबद्दल नसतातच. ‘कंपनीतून फोन आला तर काय सांगू?’, ‘सासरी कळू द्यावं का?’, ‘आमचे डॉक्टर ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे कसं जायचं?’, ‘मुलीचं स्थळ बघतोय, आत्ताच हे बाहेर पडलं तर?’ दारू सुटेल कशी, हा प्रश्न शेवटी येतो, तोही संकोचत. या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत आहे. घरातली गोष्ट घरातच राहिली, तर निदान अब्रू तरी वाचेल आणि माणूस आज ना उद्या सुधारेल, ही ती समजूत. प्रत्यक्षात गुपित पाळल्याने अब्रू फारशी वाचत नाही. दारूला मात्र आणखी काही वर्षे मिळतात. याचा अर्थ चावडीवर जाऊन बोभाटा करावा असा मुळीच नाही. कुणाला, किती आणि कोणत्या क्रमाने सांगायचे, हे ठरवता येते. हा लेख तेवढ्यापुरताच आहे.

ही वर्षे किती महाग पडतात, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. देशात सुमारे २.९ कोटी माणसे दारूच्या पूर्ण आहारी गेलेली आहेत आणि त्यांच्यापैकी साधारण ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला, असे त्यात आढळले. उरलेल्या ३७ जणांच्या घरी कुणाला काही माहीत नव्हते, असे कसे म्हणता येईल? उपचारांच्या सोयी अपुऱ्या आहेत, हे खरेच. पण तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचा रस्ता पुष्कळदा लाजेमुळेच कापला जात नाही.

खासगी ठेवणे वेगळे, झाकणे वेगळे

आजार खासगी ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मूळव्याधीचे ऑपरेशन झाले, तर आपण सोसायटीच्या फळ्यावर लिहीत नाही. दारूच्या आजाराबाबतही तेवढा आडपडदा ठेवायला हरकत नाही. झाकणे मात्र निराळे. झाकण्यासाठी घरातल्या कुणाला तरी रोज काम करावे लागते. साहेबांना ‘ताप आलाय’ म्हणून कळवायचे, वाईन शॉपची आणि पानटपरीची उधारी फेडायची, उलटीने भरलेली चादर पहाटेच धुऊन टाकायची, मुलांना ‘बाबांना बरं नाही’ सांगून दुसऱ्या खोलीत पाठवायचे, दिराने विचारले की ‘आता कमी केलीय’ म्हणायचे. ही कामे प्रेमापोटीच होतात, पण त्यांचा एकत्रित परिणाम असा, की दारूची किंमत पिणाऱ्याला कधी मोजावीच लागत नाही. खाडा झाला तरी पगार कापला जात नाही, उधारी थकली तरी दुकानदार दारात येत नाही, रात्री काय घडले याची सकाळी खूणही उरलेली नसते. मग ‘माझं काही बिघडलेलं नाही’ असे तो म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याच्या नजरेसमोर खरोखरच काही बिघडलेले नसते.

तेव्हा कोणतीही गोष्ट लपवण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा. हे न सांगितल्याने कुणाच्या जिवाला, औषधोपचाराला किंवा घरातल्या मुलांना धोका पोचतो का? पोचत नसेल, तर गोष्ट खुशाल खासगी ठेवा. पोचत असेल, तर ती संबंधित माणसाला सांगायलाच हवी.

सर्वांत आधी डॉक्टरांना

लपवण्याचे सर्वांत मोठे नुकसान दवाखान्यात होते आणि ते फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. एक नेहमी घडणारा प्रकार घ्या. समजा, पंचेचाळिशीचा एक गृहस्थ रोज संध्याकाळी दोन क्वार्टर, म्हणजे ३६० मिलीलिटर व्हिस्की घेतो. असे सात-आठ वर्षे चालले आहे. रविवारी रात्री स्कूटरवरून पडून त्याचे मांडीचे हाड मोडते. भरती करताना डॉक्टर विचारतात, ‘दारू वगैरे?’ सोबतचा भाऊ म्हणतो, ‘छे, कधीतरी, लग्नकार्यात.’ बायको शेजारीच उभी असते आणि गप्प राहते. सोमवारी संध्याकाळी त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, नाडी जलद होते. दुखण्यामुळे होत असेल, असे सगळ्यांना वाटते. मंगळवारी ऑपरेशन होते. त्या रात्री तो झोपत नाही, चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचू लागतो, खोलीत नसलेल्या माणसांना हाका मारतो, सलाईनची सुई उपटून टाकतो. ‘भूल चढली’, ‘डोक्याला मार लागला असेल’, ‘बाहेरचं काही असेल’ असे तर्क सुरू होतात. त्याला झालेले असते ते एवढेच, की रोज मिळणारी दारू रविवारपासून अचानक बंद झालेली असते.

रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय लागलेली असते आणि ती एकदम थांबली की मेंदू खवळतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भास होतात, ताप चढतो. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत, तर जीवही जाऊ शकतो. हे सगळे टाळता येते. दारूची खरी माहिती भरतीच्या वेळीच मिळाली, तर डॉक्टर पहिल्या दिवसापासून त्यावरची औषधे सुरू करतात, ऑपरेशन कधी करायचे ते त्या हिशेबाने ठरवतात, भूलतज्ज्ञही तयारीत राहतो. वरच्या उदाहरणात बायकोने पाच मिनिटे डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितले असते, तर मंगळवारची रात्र बहुधा निराळी गेली असती.

तीच गत घराजवळच्या दवाखान्याची. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ ही दारू लपवण्याची आपल्याकडची प्रचलित रीत आहे. वर्षानुवर्षे पिणाऱ्या आणि धड न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व फार कमी उरलेले असते. ते न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून ते ग्लुकोजच्या आधी किंवा बरोबरीने द्यावे लागते. पण दारूचे ठाऊकच नसेल, तर डॉक्टर ते कशाला देतील?

डॉक्टरांना सांगताना ‘घेतात थोडी’ असे म्हणू नका. त्यातून काहीच कळत नाही. एका कागदावर पुढील गोष्टी लिहून न्या :

- काय पितात (देशी, व्हिस्की, बिअर, ताडी) आणि रोज किती. ‘नाईन्टी’, ‘क्वार्टर’, ‘खंबा’ या मापात सांगितले तरी डॉक्टरांना कळते.
- सकाळी उठल्यावर हात कापतात का आणि ते थांबवण्यासाठी घ्यावी लागते का.
- शेवटची कधी घेतली. तारीख आणि वेळ दोन्ही.
- पूर्वी बंद केली तेव्हा काय झाले. फिट, भास, बडबड यांपैकी काही घडले असेल तर ते नक्की सांगा.
- चालू असलेली औषधे. झोपेच्या गोळ्या घेत असतील तर त्याही.

‘डॉक्टर ओळखीचे आहेत, गावभर होईल’ हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. लहान गावात कंपाउंडरपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी असतात. पण कायदा इथे तुमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारात केलेला आहे आणि त्याच्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरांना सांगणे, कुणाचा जीव धोक्यात असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे मोजकेच अपवाद आहेत. तरीही मन धजत नसेल, तर शेजारच्या शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. एसटीचे तिकीट परवडते, खोटी माहिती परवडत नाही.

‘श्रावणात तर पीत नाहीत’

हे वाक्य कुटुंबाला फार दिलासा देते. महिनाभर न पिणारा माणूस व्यसनी कसा? पण एखादा माणूस थांबू शकतो का, यावरून व्यसन ठरत नाही. पुन्हा सुरू केल्यावर तो मापात राहतो का, हे पाहायचे असते. श्रावण, नवरात्र, मार्गशीर्ष निष्ठेने पाळणारा माणूस गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पूर्वीच्याच मापावर परत येत असेल, ‘आज एकच’ म्हणून बसत असेल आणि बाटली संपवूनच उठत असेल, नुकसान दिसत असूनही घेतच असेल, तर मधला महिना ही विश्रांती होती, सुटका नव्हे.

त्यात आणखी एक धोका आहे. रोज पिणारा माणूस गटारीच्या रात्री भरपूर घेतो आणि दुसऱ्या सकाळपासून एकदम बंद करतो. गळ्यात माळ घालताना, देवासमोर शपथ घेताना किंवा घरच्यांनी खोलीत कोंडून ‘तीन दिवस काढ’ म्हणताना हेच घडते. संकल्पाला माझा विरोध नाही. माळेने सुटलेली माणसे वारकरी घराघरांत आहेत. मात्र ज्याचे हात सकाळी कापतात, ज्याला पूर्वी फिट आलेली आहे किंवा जो दिवसभर थोडी थोडी घेत असतो, त्याने आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मग माळ घालावी. पहिला आठवडा औषधांच्या आधाराने काढावा. कंप सुरू होऊन बडबड, भास, ताप किंवा फिट आली, तर घरगुती उपाय न करता सरळ रुग्णालय गाठावे. भगताकडे नेण्यात ज्या दोन रात्री जातात, नेमक्या त्याच सर्वांत धोक्याच्या असतात.

नकळत औषध देऊ नका

‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर, रेल्वेच्या डब्यांत आणि आता मोबाईलवरही दिसतात. लाजेवर चालणारा हा धंदा आहे. माणसाशी बोलायला नको, डॉक्टरांना सांगायला नको, चहात पूड कालवली की झाले, हे त्याचे आकर्षण. पण पुडीत काय आहे, ते तुम्हाला माहीत नसते. डायसल्फिराम नावाचे एक खरे औषध आहे आणि अनेकांना त्याचा उपयोगही झालेला आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ‘प्यायलो तर त्रास होईल’ ही जाणीव माणसाला आवरते आणि औषधाचा सगळा उपयोग त्या जाणिवेतच आहे. म्हणून ते रुग्णाची संमती घेऊन, शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तास गेल्यावर आणि हृदय-यकृत तपासूनच सुरू करतात. बंद केल्यावरही त्याचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्याला पत्ताच नाही, तो नेहमीसारखा दोन क्वार्टर घेणार. त्याचे हृदय आधीच कमकुवत असेल, तर ते जिवावर बेतू शकते. शिवाय हे पुढे कळले, तर तुमच्या हातचा चहा तो पुन्हा विश्वासाने घेणार नाही, औषधाची गोळी तर लांबच.

घरात सगळ्यांचे म्हणणे एक असू द्या

बाहेर कुणाला सांगायचे, हे ठरवण्याआधी घरातल्या मोठ्यांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. बहुतेक घरांत बायको पैसे लपवते, तेव्हा आई पदराच्या गाठीतून शंभराची नोट काढून देते. मोठा भाऊ रागावतो, तेव्हा मेहुणा ‘जाऊ द्या हो, पुरुषमाणूस आहे’ म्हणतो. पिणाऱ्याला या फटी पाठ असतात. तेव्हा तीन गोष्टींवर एकमत करा : दारूसाठी पैसे कुणी देणार नाही, त्याच्या वतीने कुणी खोटे बोलणार नाही, आणि उपचाराला तो तयार झाला की त्याच दिवशी कोण सोबत जाणार. सासूबाईंना गोष्ट मान्यच नसेल, तर वाद घालत बसू नका. त्यांना एकदा डॉक्टरांच्या खोलीत सोबत न्या. सुनेच्या तोंडून जे ‘माझ्या पोराची बदनामी’ वाटते, ते डॉक्टरांच्या तोंडून आजार म्हणून ऐकले जाते.

मग पिणाऱ्याशी बोला. तो प्यालेला असताना नव्हे आणि पाहुण्यांसमोरही नव्हे. एखादा प्रसंग घडून गेला, की दुसऱ्या सकाळी शुद्धीवर असताना बोला. थोडक्यात, पाहिलेले तेवढेच आणि शेवटी एक ठरावीक मागणी, असे : “काल रात्री तुम्ही जिन्यात पडलात. धाकटी जागी होती, तिनं पाहिलं. मला आता भीती वाटते. मंगळवारी आपण दोघं सिव्हिलला जाऊ, केसपेपर मी काढते.” यात ‘दारुडे’ नाही, ‘माझ्या बापाचं ऐकलं असतं तर’ नाही आणि गेल्या पंधरा वर्षांचा पाढाही नाही.

‘त्याची स्वतःची इच्छा झाल्याशिवाय काही उपयोग नाही’ असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. हे अर्धेच खरे आहे. इच्छा लागते, पण ती आपोआप उगवण्याची वाट पाहावी लागत नाही. उपचाराला नकार देणाऱ्या पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांवर अमेरिकेत विल्यम मिलर, रॉबर्ट मेयर्स आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. कधी आणि कसे बोलायचे, न प्यायलेल्या वेळेला कशी साथ द्यायची, दारूचे परिणाम झाकणे कसे थांबवायचे, हे ज्या नातेवाइकांना शिकवले, त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांनी आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणले. सगळ्यांनी मिळून एकदाच कोंडीत पकडण्याची पद्धत ज्यांना शिकवली, त्यांच्यात हे प्रमाण ३० टक्के होते, कारण त्यांतल्या बहुतेकांना असा सामना करणे शेवटपर्यंत जमलेच नाही. अभ्यास परदेशातला आहे आणि त्या नातेवाइकांना प्रशिक्षित समुपदेशकांची मदत होती, हे लक्षात ठेवायला हवे. तरी एवढे त्यातून नक्की दिसते, की घरच्यांच्या वागण्यातला बदल फुकट जात नाही.

मुलांपासून लपवता येते, हा मोठ्यांचा भ्रम आहे. चावी कुलपात फिरण्याच्या आवाजावरून बाबा आज कसे आले आहेत, हे सहा वर्षांचे मूल ओळखते. त्याला समजत नसते ते कारण, आणि मग ‘मी अभ्यास केला नाही म्हणून’ असे कारण ते स्वतःच शोधते. म्हणून वयाला झेपेल एवढे सांगा : बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तो बरा करणे तुझे काम नाही, आणि भीती वाटली तर अमक्या मावशीकडे जायचे किंवा अमक्या नंबरला फोन करायचा. ‘हे बाहेर कुणाला सांगायचं नाही’ अशी शपथ मात्र मुलांना कधीही घालू नका. शाळेतल्या एखाद्या विश्वासू बाईंशी बोलण्याची मोकळीक त्यांना असू द्या.

बाहेर कुणाला काय सांगायचे

- कंपनीला : खोटे कारण देऊ नका, पण सगळे सांगण्याचीही गरज नाही. “ते आज कामावर येणार नाहीत, कारण ते स्वतः सांगतील,” एवढे पुरे. उपचारासाठी रजा हवी असेल, तर वैद्यकीय दाखल्यावर गरजेपुरताच मजकूर लिहिण्याची विनंती डॉक्टरांना करा.
- तो चालक असेल, क्रेन किंवा प्रेस मशीन चालवत असेल तर : इथे गुप्ततेचा हक्क संपतो. पिऊन कामावर निघाला, तर गाडीची चावी काढून घ्या आणि ते शक्य नसेल तर कळवा. नोकरी जाण्याची भीती खरी आहे, पण स्कूल बसमधल्या मुलांचे काय?
- सावकार, पतसंस्था, उधारीवाले : नवऱ्याच्या वैयक्तिक कर्जाला तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर ते फेडण्याची कायदेशीर जबाबदारी केवळ पत्नी म्हणून तुमच्यावर येत नाही. लाजेपोटी कोणत्याही कागदावर सही करू नका. दागिने आणि घराची कागदपत्रे लॉकरमध्ये किंवा माहेरी ठेवा.
- नातेवाईक : सगळ्यांना नको. जो रात्री बाराला फोन उचलेल आणि चार ठिकाणी बोलणार नाही, असा एकच माणूस निवडा. लग्नकार्यात ‘एक घोट काय होतो’ म्हणून आग्रह करणाऱ्या काकांना मात्र “डॉक्टरांनी पूर्ण बंद सांगितलीय” हे वाक्य स्पष्ट ऐकवा.

‘पण लग्न ठरायचंय’

सर्वांत जड आक्षेप हाच आणि त्याला एका वाक्यात उडवून लावणे बरोबर नाही. बापाच्या दारूमुळे मुलीचे स्थळ मोडते, असे आपल्या समाजात घडते. पण नीट पाहिले तर चौकशीला आलेल्यांना ही गोष्ट गल्लीच्या तोंडाशीच कळते. किराणावाल्याला ठाऊक असते, रिक्षावाल्याला असते. फ्लॅटमध्ये दार लावून पिणाऱ्या साहेबांच्या बाबतीत कदाचित नसेल, पण तिथेही हळदीच्या रात्री एकच प्रसंग पुरतो. बाहेरच्यांना जे आधीच ठाऊक आहे किंवा कधीतरी होणारच आहे, ते त्यांच्यापासून दडवण्यासाठी आपण डॉक्टरांपासूनही दडवून ठेवतो, हा सौदा वाईट आहे. वडिलांच्या आजाराचा तपशील समोरच्यांना आपणहून देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. थेट विचारले, तर मात्र “त्रास होता, उपचार चालू आहेत” असे सांगा. उपचार सुरू असतील, तरच हे वाक्य बोलता येते, हेही ध्यानात घ्या.

पिणारा स्वतःच नवरदेव असेल, तर मात्र माझे मत कठोर आहे. ‘लग्न झालं की जबाबदारी येईल, सुधारेल’ असे म्हणून मुलीपासून व्यसन लपवणे ही फसवणूक आहे. उपचार घेऊन पुरेसा काळ स्थिर राहिल्याशिवाय त्याचे लग्न करू नका. कुणाच्या तरी लेकीला तुमच्या घरी औषध म्हणून आणायचे नसते.

पिणारी व्यक्ती बाई असेल, तर लाज कित्येक पटींनी वाढते. ‘एम्स’च्या त्याच पाहणीत दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २७.३ टक्के आणि स्त्रियांचे १.६ टक्के आढळले. संख्या कमी म्हणून बोलणेही नाही, आणि बोलणे नाही म्हणून उपचाराला पार उशीर. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मनोविकार विभागात अशा रुग्णावर इतर आजारांसारखाच उपचार होतो. तिथल्या केसपेपरवर ‘व्यसनमुक्ती केंद्र’ असे लिहिलेले नसते, हा एक व्यवहारी फायदा.

केंद्र निवडताना लाजेला सल्ला विचारू नका

कुणाला कळू नये म्हणून कुटुंबे दूरचे, आडबाजूचे केंद्र शोधतात. ‘आम्ही रात्री गाडी आणून उचलून नेतो, तुम्ही काही करू नका’ असे आश्वासन मिळाले, की त्यांना हायसे वाटते. नेमक्या अशाच ठिकाणी मारहाण झाली, औषधोपचार नसले, तरी विचारणारे कुणी नसते. प्रवेशाआधी स्वतः जाऊन पाहा आणि विचारा :

- राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? प्रमाणपत्र पाहायला मागा.
- पहिल्या आठवड्यात, विशेषतः रात्री, डॉक्टर किंवा परिचारिका हजर असते का? फिट आली तर कुठे हलवता?
- घरच्यांना भेटता आणि फोनवर बोलता येते का? ‘पहिला महिनाभर काहीच नाही’ असे उत्तर आले, तर निघून या.
- कुटुंबासाठी सभा किंवा समुपदेशन आहे का? डिस्चार्जनंतर पाठपुरावा कसा करता?

जबरदस्तीने भरती करण्याबाबतचा कायदा बहुतेकांना माहीत नसतो. रुग्ण तयार नसेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. पण एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि आणखी एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टराने स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. शिवाय तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल किंवा स्वतःची काळजी घेण्याच्या स्थितीत नसेल, तरच ते करता येते. नुसता ‘पितो’ हे कारण चालत नाही. साखळीने बांधणे कलम ९५ प्रमाणे पूर्णपणे निषिद्ध आहे, मग रुग्ण कितीही त्रासदायक असो.

पुण्याचे मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. पत्नींसाठी वेगळ्या सभा घेऊन कुटुंबालाही उपचारात सामील करून घेण्याची त्यांची पद्धत महाराष्ट्रात अनेकांनी उचलली. कोणतेही केंद्र निवडताना हा भाग आहे का, ते जरूर पाहा. माणूस बरा होऊन त्याच जुन्या गुपितात परतला, तर घसरायला वेळ लागत नाही.

मारहाण होत असेल तर क्रम बदलतो

‘शुद्धीत नव्हते’ हे मारहाणीचे समर्थन होऊ शकत नाही. आधी सुरक्षितता, मग उपचार. तातडीला ११२, स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ पत्नीप्रमाणेच आई, बहीण यांनाही लागू आहे. या कायद्याखाली संरक्षणाचा, घरात राहण्याचा आणि खर्चाचा आदेश मागता येतो. घर त्याच्या नावावर आहे म्हणून तो तुम्हाला रात्री बाहेर काढू शकत नाही. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करता येतो, आणि स्त्रीला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा. जखम झाली असेल, तर ‘पाय घसरून पडले’ असे दवाखान्यात सांगू नका. खरे कारण नोंदवून घ्या. ती नोंद पुढे उपयोगी पडते आणि लगेच वापरलीच पाहिजे असे काही नाही.

तो तयार नसला तरी तुम्ही जा

पिणाऱ्यासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आहे, तशी त्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन ही संघटना आहे. ती १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत तिच्या सभा भरतात. तिथे फी नसते, आडनाव विचारत नाहीत, कुणी काय बोलले ते बाहेर नेत नाहीत. मगाशी उल्लेख केलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात ज्या नातेवाइकांना या सभांकडे वळवले, त्यांच्या घरचे १३ टक्केच लोक उपचाराला आले. पण त्या सभांचा तो उद्देशच नाही. त्या तुमच्यासाठी आहेत. तुमच्यासारखेच गुपित बाळगलेली माणसे एका खोलीत बसलेली असतात, त्यामुळे पहिले वाक्य उच्चारायला तीच जागा सोपी जाते. माणसाला उपचारापर्यंत कसे आणायचे, ते समुपदेशकाकडून शिका आणि स्वतःला सावरण्यासाठी अल-अॅनॉनला जा.

सभा जवळ नसेल, तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाईन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असे नाही, घरच्यांनीही करता येतो. तुमच्या माणसाचे हात सकाळी कापत असतील, तर तो फोन आजच करा आणि वर सांगितलेला कागद लिहून हाताशी ठेवा.